पाऊचवरचा फॉन्ट, उसाचा फोटो आणि फिल्ममधली हलगी: लायसन्स नक्की कोणाच्या नावावर?

रंगछटा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी राजारामपुरीत घरूनच डिझाइनची कामं करते. करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळवाल्यांचं काम हातात आलंय. त्यांचा पाव किलो, अर्धा किलो आणि किलोच्या पाऊचमधला गूळ आहे, साधी वेबसाइट आहे, इन्स्टाचं पान आहे आणि एक चाळीस सेकंदांची फिल्म आहे. हे सगळं आधीच्या डिझायनरचं. तो आता परदेशात असतो, फोन उचलत नाही, मेलला उत्तर आलं तर आलं. मला फक्त काकवीच्या बाटलीचं नवीन लेबल करायचं होतं.

मध्येच असं झालं की गूळ एका मोठ्या दुकानसाखळीत जायचं ठरलं आणि त्यांच्याकडून एक फॉर्म आला. पॅकेजिंग आणि जाहिरातीतले फॉन्ट, फोटो आणि संगीत वापरायचा हक्क पुरवठादाराकडे आहे असं लिहून द्यायचं. खाली तक्ता: काय वापरलं, कुठून घेतलं, लायसन्स कोणाच्या नावावर, पुरावा जोडा. मालकांनी तो मला व्हॉट्सॅपवर ढकलला, "ताई, तेवढं भरून सही करून टाका."

माझ्याकडे आहे काय, तर प्रिंटला गेलेली पीडीएफ, इलस्ट्रेटरची एक .ai फाइल आणि फिल्मचा एमपीफोर. यावरून कुठला फॉन्ट, कुठला फोटो हे तरी शोधता येईल का?

---

फ्लेक्सवाला_शाहूपुरी

भरून टाका ओ ताई. वीस वर्षं फ्लेक्स छापतोय. फॉन्टची सीडी कोणी कोणाकडून आणली हे अख्ख्या गावात कुणी विचारलं नाही. फोटो गुगलवरून, फॉन्ट पेनड्राइव्हवरून. लई विचार करू नका.

---

खिळेजुळारी

फ्लेक्सवाले भाऊ, वाढदिवसाचा फ्लेक्स आठ दिवसांत उतरतो. पाऊच पाच वर्षं शेल्फवर राहतो आणि इथं तर लेखी सही मागितलीय. दोन्हींत फरक आहे.

रंगछटा, आधी पीडीएफ उघडा. अॅक्रोबॅट रीडरमध्ये File, Properties, मग Fonts हा टॅब. आत बसवलेले सगळे फॉन्ट तिथं दिसतात. pdffonts टाकलेलं असेल आणि कमांड चालवता येत असेल तर त्याहून सोपं:

```
pdffonts pouch_500g.pdf
```

काय येतं ते इथं टाका.

---

रंगछटा

काका, एवढंच आलं:

```
name                    type         emb sub uni
ABCDEF+Mukta-Regular    CID Type 0C  yes yes yes
ABCDEF+Mukta-SemiBold   CID Type 0C  yes yes yes
```

(बाकीचे रकाने कापलेत, आणि पुढची सहा अक्षरं मी बदललीत.) पण पाऊचवर ब्रँडचं नाव ज्या जाडजूड, मोडी वळणाच्या अक्षरात आहे ते मुक्ता नक्कीच नाही. ते यादीत का नाही?

---

खिळेजुळारी

कारण नाव कर्व्ह केलेलं आहे. एकदा कर्व्ह केलं की पीडीएफच्या दृष्टीनं ते अक्षर राहत नाही, नुसती आकृती होते, म्हणून यादीत येत नाही. यादी स्वच्छ दिसली म्हणून फॉन्टचं काम संपलं असं समजू नका. उलट लोगोत वापरलेला महागडा फॉन्टच बहुतेक वेळा यादीतून गायब असतो.

मुक्ताची काळजी सोडा. तो एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहे. छपाई, वेबसाइट, अॅप, सगळीकडे चालतो, फाइल ग्राहकाला दिली तरी चालते, फक्त सोबत लायसन्सचा मजकूर द्यायचा. नुसता फॉन्ट सुटा विकायचा नाही, एवढीच मोठी अट. तक्त्यात 'मुक्ता, ओएफएल १.१' लिहा आणि ज्या पानावरून उतरवला त्याची प्रत जोडा.

आता .ai फाइल उघडा आणि आर्टबोर्डच्या बाहेर बघा. आम्ही जुने लोक कर्व्ह करायच्या आधी मूळ मजकुराची एक प्रत बाजूला ठेवून द्यायचो, उद्या 'गूळ'चा ऊकार बदलायचा म्हटलं तर हाताशी असावी म्हणून. बंद केलेल्या लेयरमध्येही सापडते.

---

रंगछटा

सापडलं! आर्टबोर्डच्या डावीकडे खाली ब्रँडचं नाव जिवंत मजकूर म्हणून पडलंय. इलस्ट्रेटर म्हणतो फॉन्ट मिसिंग, पण नाव दिसतं. शोधलं तर फॉन्ट बनवून विकणाऱ्या एका फाउंड्रीचा निघाला. मालकांच्या संगणकावर त्याची .ttf पण मिळाली, आधीच्या डिझायनरने 'फॉन्ट इन्स्टॉल करा' म्हणून पाठवलेली.

---

हलगीघुमके

मग झालं की काम. त्या .ttf वर उजवं क्लिक कर, Properties, Details. तिथं Font embeddability म्हणून असतं. Installable लिहिलं असेल तर फॉन्ट मोकळा आहे, कुठंही वापर. मी सगळे फॉन्ट असेच तपासतो.

---

खिळेजुळारी

भावा, अर्धं बरोबर आहे. ती नोंद खरी असते, पण ती सांगते वेगळंच. फॉन्ट एखाद्या दस्तऐवजात बसवून पाठवला तर समोरच्या संगणकाने त्याचं काय करावं, एवढ्यापुरता तो आकडा आहे: नुसतं छापू द्यावं, दुरुस्ती करू द्यावी, की तिथं बसवूच द्यावं. फॉन्ट विकत घेतला की पेनड्राइव्हवरून आला हे त्या आकड्याला काय माहीत? कित्येक विकतचे फॉन्टही Installable असतात. त्याच खिडकीत Copyright ची ओळ असते ती वाचत जा, फाउंड्रीचा पत्ता तिथं मिळतो. पुढचं सगळं त्यांच्या करारात.

रंगछटा, तुमच्या प्रकरणात दोन गोष्टी वेगळ्या काढा.

एक, लोगोतली आकृती. डेस्कटॉप लायसन्स असलेल्याने फॉन्ट वापरून नाव जुळवलं, कर्व्ह केलं आणि आकृती ग्राहकाला दिली, हे बहुतेक फाउंड्र्यांना चालतं. ग्राहकाने वेगळं लायसन्स घ्यायची गरज नसते. काही जण मात्र लोगोला किंवा पॅकेजिंगला जादा पैसे लावतात, म्हणून करार वाचल्याशिवाय 'चालतं' लिहू नका. आधीच्या माणसाकडे लायसन्स होतं का, हा खरा प्रश्न आहे आणि त्याची पावती त्याच्याकडेच असणार.

दोन, मालकांच्या संगणकावरची .ttf. डिझायनरचं लायसन्स असलं तरी ते त्याच्या संगणकापुरतं. फाइल ग्राहकाला पाठवायची मुभा त्यात सहसा नसते. अॅडोबी फॉन्ट्सचंही असंच आहे: इनडिझाइनमधून पॅकेज केलं तर ते फॉन्ट फोल्डरमध्ये येतच नाहीत. लोकांना तो बिघाड वाटतो, पण ते मुद्दाम तसं ठेवलंय.

---

वेबकर

वेबसाइट पण बघा. ब्राउझरमध्ये F12 दाबा, Network मध्ये Font निवडा आणि पान रिफ्रेश करा. जी फाइल उतरते तिचं नाव दिसतं.

---

रंगछटा

बघितलं. मुक्ता तर आहेच, पण शीर्षकांसाठी तोच लोगोचा फॉन्ट उतरतोय, .woff2. मालकांच्याच सर्व्हरवरून.

---

वेबकर

मग त्या .ttf वरून कुणीतरी घरीच रूपांतर करून चढवलाय. वेबफॉन्टचं लायसन्स वेगळं असतं, बऱ्याच ठिकाणी महिन्याच्या पेजव्ह्यूवर. आणि ते साइट ज्याची त्याच्या नावावर लागतं. अॅडोबीचंही तसंच आहे, ग्राहकाच्या साइटवर त्यांचे फॉन्ट हवेत तर ग्राहकाची स्वतःची क्रिएटिव्ह क्लाउड वर्गणी हवी, तुमच्या खात्यातून चालवायची नाही.

आज संध्याकाळी करण्यासारखं काम म्हणजे शीर्षकं मुक्ता एक्स्ट्राबोल्डवर न्या आणि ती फाइल सर्व्हरवरून पुसा. नुसतं सीएसएसमधून काढून भागत नाही, पत्ता टाकला की फाइल उतरतच राहते.

---

लगीनघाई_फिल्म्स

विषय संगीताचा पण आहे म्हणून विचारतो. आम्ही लग्नाच्या फिल्ममध्ये सिनेमाची गाणी टाकतो. मला एकाने सांगितलं की लग्नाला कायद्यातच सूट आहे. मग आम्ही पार्टीला देतो त्या फिल्मला पण सूट ना? यूट्यूबवर टाकली की क्लेम येतो तो मग कशाला?

---

वकीलवहिनी

लगीनघाई, सूट आहे ती कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२(१)(za) मध्ये. धार्मिक समारंभात किंवा सरकारी कार्यक्रमात गाणं गायलं, वाजवलं, रेकॉर्ड ऐकवलं तर तो भंग नाही. वरात आणि लग्नाशी जोडलेले इतर कार्यक्रम त्यातच धरलेत. म्हणजे मांडवात बँड वाजला तर वाजला. तुम्ही घरी बसून तेच गाणं चित्रावर चढवता आणि फिल्म विकता, ते समारंभात वाजवणं नव्हे. त्यासाठी सिंक परवानगी लागते, ती गाण्याच्या आणि रेकॉर्डिंगच्या मालकांकडून. क्लेम त्यामुळेच येतो. पण हा वेगळा धागा होईल, इथं गुळाचं चाललंय.

---

लगीनघाई_फिल्म्स

म्हणजे सगळेच चूक करतायत म्हणा की. बरं, धागा काढतो.

---

रंगछटा

आता फोटो. पाऊचच्या मागे उसाच्या शेताचा मोठा फोटो आहे. लिंक्स पॅनलमध्ये फाइलचं नाव AdobeStock_ आणि पुढे आकडा असं आहे. म्हणजे विकत घेतलाय, हो ना?

---

खिळेजुळारी

नावाच्या शेवटी _Preview नसेल तर लायसन्स घेऊन उतरवलेला असण्याचीच शक्यता जास्त. पण नावावरून सही करू नका. फाइल एका मित्राकडून दुसऱ्याकडे जाताना नाव तेच राहतं. तो आकडा अॅडोबी स्टॉकवर शोधा, फोटो सापडेल. मग आधीच्या डिझायनरला मेल टाका, आणि 'लायसन्स आहे का' असं विचारू नका, कारण 'हो हो आहे' एवढंच उत्तर येईल. आकडा लिहून 'तुमच्या खात्यातल्या लायसन्स हिस्ट्रीत याची ओळ आहे, तिचा स्क्रीनशॉट पाठवा' म्हणा. दोन मिनिटांचं काम असलं की माणूस करतो.

त्याने या ग्राहकासाठी घेतला असेल तर ग्राहक वापरू शकतो, ते त्यांच्या अटींत बसतं. पण मग तोच फोटो त्याने दुसऱ्या गुळवाल्याला लावायचा नाही, त्यासाठी पुन्हा लायसन्स. आणि तुम्ही काकवीचं लेबल करताना तो उसाचा फोटो आपल्या खात्यातून घेतला, तर तोही याच ग्राहकापुरता.

अजून एक बघा. स्टँडर्ड लायसन्सला ५,००,००० प्रतींची मर्यादा आहे. मालक छापतात किती?

---

रंगछटा

विचारलं. प्रत्येक वजनाचे ४०,००० पाऊच, एका हंगामात एकदा. पाच लाख कुठले व्हायला?

---

खिळेजुळारी

मोजा. तीन वजनं म्हणजे हंगामाला १,२०,०००. वजन वेगळं असलं तरी फोटो तोच, बेरीज एकत्रच धरायची. चार हंगामांत ४,८०,०००. पाचव्या हंगामाची ऑर्डर दिली की मर्यादा ओलांडली. आणि हा साखळीत जायच्या आधीचा आकडा आहे! पाऊच कधीपासून छापतायत?

---

रंगछटा

बाप रे. हा चौथा हंगाम.

---

खिळेजुळारी

मग पुढच्या ऑर्डरआधी एक्स्टेंडेड लायसन्स, थेट मालकांच्या खात्यातून. गुळासोबत याच फोटोच्या कापडी पिशव्या विकायच्या असतील तर एक्स्टेंडेडच लागेल, कारण तिथं मालच फोटोवर विकला जातो. आणि फोटो ट्रेडमार्कमध्ये घालायचा नाही, दोन्ही प्रकारांत. मालक लोगोची नोंदणी करणार असतील तर त्यात उसाचं चित्र कुठून आलंय ते बघा.

---

फ्लेक्सवाला_शाहूपुरी

एक विचारू का? एवढा कोल्हापुरी गूळ, जीआय मिळालेला, आणि पाऊचवर ऊस कुठल्या देशातला? शिरोळकडे गेलं तर फुकट फोटो मिळतो की. माझा पुतण्या ड्रोन उडवतो.

---

रंगछटा

फ्लेक्सवाले दादा, हे मात्र पटलं! नंबर द्या, पण मेसेजमध्ये, इथं नको.

---

वकीलवहिनी

पुतण्याकडून घेताना कागद करा. 'फोटो दिले, पैसे मिळाले' एवढ्या चिठ्ठीने भागत नाही. हक्क हस्तांतराचा कागद लेखी हवा आणि कलम १९ प्रमाणे मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. मालक गूळ दुबईला पाठवतात का? पाठवत असतील तर 'जगभर' आणि 'कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी' हे शब्द कागदावर हवेत. मुद्दाम पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक काढवून घेणाराच असं कलम १७ म्हणतं, पण पुतण्याकडे आधीचे पडून असलेले फोटो घेतलेत तर ते लागू होत नाही. चौकटीत ऊसतोड करणाऱ्या माणसाचा चेहरा असेल तर त्याचीही संमती घ्या.

---

हलगीघुमके

आता माझा विषय आला. फिल्मला कसलं संगीत आहे?

---

रंगछटा

दोन गोष्टी आहेत. फिल्ममध्ये हलगी आणि तुतारी वाजते, मालक म्हणतात यूट्यूबच्या एका 'नो कॉपीराइट' चॅनेलवरून घेतलेली. आणि इन्स्टाच्या तीन रीलना सिनेमाची चालू गाणी आहेत, इन्स्टाच्याच लायब्ररीतली.

---

हलगीघुमके

हलगी तर आपली परंपरा, तिला कुठला आलाय कॉपीराइट. आणि सिनेमाचं गाणं तीस सेकंदांच्या आत असलं तर चालतं, डिस्क्रिप्शनला क्रेडिट टाकलं की संपलं.

---

वकीलवहिनी

तीस सेकंदांचा असा नियम आपल्या कायद्यात कुठेही नाही. क्रेडिट दिल्याने परवानगी मिळत नाही, उलट तुम्ही कोणाचं वापरलं ते लिहून दिल्यासारखं होतं.

हलगीचा ठेका कोणाच्या मालकीचा नाही हे मान्य. पण ते रेकॉर्डिंग कोणीतरी केलंय. ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा असतो आणि तो प्रसिद्ध झाल्यानंतर साठ वर्षं चालतो. चॅनेलवाल्याने 'नो कॉपीराइट' लिहिलं म्हणजे ते त्याचं होतं असं नाही. त्याने उचलून टाकलं असेल तर उद्या मूळ मालक थेट गुळवाल्याला विचारेल.

---

हलगीघुमके

सेकंदांचं ऐकीव होतं, मान्य. पण इन्स्टाच्या लायब्ररीतलं गाणं तरी चालतं ना, तेच देतात की वापरायला.

---

वेबकर

ते मौजेसाठी देतात, धंद्यासाठी नाही. म्हणून तर बिझनेस खात्याला सिनेमाची गाणी सहसा दिसत नाहीत आणि धंद्यासाठी साउंड कलेक्शन वेगळं ठेवलंय. रंगछटा, त्या रीलवर बूस्ट करून बघा.

---

रंगछटा

बूस्ट होत नाही, संगीतामुळे नाही म्हणतो. मालक वर्षभर त्यावरच चिडलेत, त्यांना वाटलं खातं बिघडलंय.

---

वेबकर

तेच ते. त्या रील उतरवा किंवा आवाज बदलून पुन्हा टाका. आणि विकतचं संगीत घ्यायचं तर वर्गणी कुठली ते बघा. एपिडेमिक साउंडचा वैयक्तिक प्लॅन स्वतःच्या चॅनेलपुरता असतो, ग्राहकाच्या कामाला तो चालत नाही. वर्गणी बंद केल्यावर आधी प्रसिद्ध केलेलं राहतं, पण नंतर नवीन फिल्ममध्ये तोच ट्रॅक घालता येत नाही. मालकांना दिवाळीला हीच फिल्म नव्याने कापून हवी असेल आणि तोवर तुमची वर्गणी संपली असेल, तर अडकाल.

---

हलगीघुमके

मग ताई, सरळ रेकॉर्ड करा. आमच्या पेठेतली पोरं झकास वाजवतात, चाळीस सेकंदांचं काय, अर्ध्या दिवसात होतंय. आवाज असा की फिल्म बघायला दुकानासमोर माणसं थांबतील.

---

वकीलवहिनी

हा मार्ग चांगला. वादकांचेही स्वतःचे हक्क असतात, कलम ३८ मध्ये. वाजवायच्या आधी प्रत्येकाची सही घ्या, पथकाच्या प्रमुखाची एकट्याची नको. रेकॉर्डिंग मालकांचं, जाहिरात आणि इंटरनेट दोन्हींसाठी, जगभर, आणि मानधन किती ते आकड्यात.

आता मूळ गोष्ट. तो फॉर्म रंगछटाने भरायचाच नाही. पुरवठादार गुळवाले आहेत, सही त्यांची. रंगछटाने त्यांना वेगळं पत्र द्यावं: मी अमुक तारखेपासून बनवलेलं काकवीचं लेबल, त्यातला फॉन्ट हा, फोटो हा, लायसन्स असं. आधीच्या कामाबद्दल 'मी तपासलं तेव्हा हे आढळलं' एवढंच लिहायचं, 'हक्क आहेत' असं नाही. आणि 'कोणताही दावा आल्यास सर्व नुकसान डिझायनर भरेल' असं वाक्य मालकांनी पुढे केलं तर खोडा. भरपाई लिहायचीच असेल तर तुम्ही स्वतः आणलेल्या गोष्टींपुरती आणि तुमच्या बिलाच्या रकमेपर्यंत.

---

खिळेजुळारी

वहिनी, एक शंका. लोगोच्या फॉन्टची पावती मिळालीच नाही तर? काही लोक म्हणतात अक्षराच्या आकाराला आपल्याकडे कॉपीराइट नाही, मग कर्व्ह केलेल्या लोगोला धोका काय?

---

वकीलवहिनी

यावर मी ठाम सांगणार नाही. आनंद एक्स्पांडेड इटॅलिक्सच्या प्रकरणात कॉपीराइट बोर्डाने टाइपफेसची नोंदणी नाकारली होती, लोक त्याचाच आधार घेतात. पण फॉन्टची फाइल हा सॉफ्टवेअरचा भाग आहे असं म्हणायला पुरेशी जागा आहे, आणि लोगो बनवताना ती फाइल विनालायसन्स वापरली गेली हा मुद्दा उरतोच. भांडून जिंकता येईल कदाचित. दुकानसाखळी तोवर थांबेल का?

---

खिळेजुळारी

नाही थांबणार. मी असतो तर मालकांच्या नावावर आजच्या तारखेला डेस्कटॉप लायसन्स घेतलं असतं आणि फाउंड्रीला मेल टाकला असता की हा लोगो चार वर्षं वापरात आहे, मागचं कसं मिटवायचं. बरेच जण मेलला नीट उत्तर देतात.

---

रंगछटा

आजची स्थिती लिहिते. वेबसाइटवरून ती .woff2 पुसली, शीर्षकं मुक्तावर नेली. मालकांच्या संगणकावरची .ttf त्यांच्यासमोर काढली. तीन रील उतरवल्या, मालक दोन तास बोलले नाहीत. फिल्म खाजगी केली, हलगीचं रेकॉर्डिंग रविवारी.

आधीच्या डिझायनरने फोटोच्या लायसन्स हिस्ट्रीचा स्क्रीनशॉट पाठवला, आकडा जुळतो, स्टँडर्डच आहे. फॉन्टबद्दल मात्र 'बघतो' म्हणाला. फाउंड्रीला मालकांच्या मेलवरून लिहिलंय, उत्तर आलं नाही. फॉर्ममध्ये लोगोच्या रांगेत 'चौकशी चालू' लिहून पाठवा असं मालकांना सांगितलं, त्यांना ते पसंत नाही.

शिवाय त्यांचा नवा प्रश्न: लायसन्सचे पैसे माझ्या बिलात धरायचे की त्यांनी कार्डने थेट भरायचे?

---

वेबकर

थेट त्यांनी, त्यांच्याच मेल आयडीवर, पावतीवर कंपनीचं नाव. तुम्ही शेजारी बसून फक्त कुठलं बटण ते दाखवा.

---

फ्लेक्सवाला_शाहूपुरी

ताई, पुतण्या म्हणतोय जगभरचं लिहून देतो, पण मग दर डबल.